कालवडीला आणि करडाला लांबून हाक मारता येईल असं नाव

"घरात नवीन कालवड आलीय आणि सोबत एक करडू पण, ते पण मादीच. लाडाचं नाव हवंय पण असं की शेताच्या पार दुसऱ्या टोकावरून हाक मारली तरी त्यांना कळलं पाहिजे. पोरांनी शीतल आणि तांबू ठरवलंय, चालेल का?"

तांबू नाव गोड आहे, पण जनावराला 'थांब' म्हणायची सवय प्रत्येक घरात असते, आणि लांबून तांबू आणि थांब यात फरक उरत नाही, म्हणजे तुम्ही ये म्हणताय आणि ते बिचारं उभं राहतंय. शीतलची अडचण वेगळी आहे. श, स, फ हे सगळे हवेचे आवाज, वारा असला की पहिले तेच विरतात, मागे उरतो तो 'ई', जो मुळातच 'आ'पेक्षा बारीक. आणि शेवटी 'ल'वर जीभ वरच्या दातांमागे लागून नाव बंद, ओढायला काही शिल्लकच नाही. दोन दिवसांत घरातली माणसं आपोआप 'शितेऽऽ' करून टाकतील बघा, कारण हाळी द्यायची तर शेवटी स्वर लागतोच.

म्हणून नाव कागदावर कसं दिसतं ते सोडा, संबोधनात काय होतं ते बघा, कारण आपण हाक मारताना मूळ नाव फारसं वापरतच नाही. चंद्रीची चंद्रे होते, हरणीची हरणे, आणि गंगा, कपिला अशा आकारान्त नावांची पण गंगे, कपिले. 'ए' तोंड मोकळं ठेवून हवा तेवढा लांबवता येतो, 'चंद्रेऽऽऽ' म्हणून बघा, दम संपेपर्यंत चालतं. गोऱ्हा असता तर सोन्या, मोत्या, ढवळ्या ही नावं जशीच्या तशी चालली असती, त्यांचा 'या' आधीच हाकेचा आहे, काही बदलावं लागत नाही.

आता इथेच गोची आहे, जी नाव ठेवताना कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या दोघी मादी, म्हणजे ई-आ वाली कुठलीही नावं घेतली तरी हाकेत दोघींचा शेवट 'ए'च होणार. समजा कालवड हरणी आणि करडू बांडी ठेवलं, तर 'हर्-णेऽऽ' आणि 'बां-डेऽऽ', दोन्ही दोन ठोक्यांची आणि दोन्हीचं शेपूट तेच. शंभर पावलांवर व्यंजनं पुसट झाली की उरते फक्त चाल, आणि ती दोघींची सारखीच, मग एकीला बोलावलं की दुसरी पण हजर (खायची वेळ असेल तर दोघी धावत येणारच, नाव काही का असेना).

माझ्या मते कालवडीला कपिला ठेवा, म्हणजे 'क-पि-लेऽऽ', तीन ठोके. कपिला म्हणजे खरं तर पिंगट रंगाची, तुमची पांढरी असेल तर गावातले जाणते हसतील, मग सरळ ढवळी ठेवा, 'ढव-ळेऽऽ'. आणि करडाला ऊकारान्त द्या, साळू किंवा बाळू, ही हाकेत बदलत नाहीत. 'ऊ'ला ओठ आवळले जातात त्यामुळे तो 'ए'एवढा मोठा निघत नाही हे खरं, पण साळू-बाळूत पहिला 'आ' आहे, हाकेचा जोर त्याच्यावर टाकायचा, 'बाऽऽळू'. म्हणजे एकीचं शेपूट लांब, दुसरीचं डोकं लांब, गल्लत होत नाही. यातही बाळू बरं, साळूत तो 'स' परत आलाच, शिवाय बाळू पोराचं नाव म्हणून कुणी नाक मुरडेल पण शेळीला त्याचं काय.

जवळून लाडात 'ये गं कपिले' म्हणतो ना आपण, तो 'गं' लांबून नुसता मध्ये येतो, तिथे नावाआधी एक 'ए' लावा. 'एऽ कपिलेऽऽ'. पहिल्या 'ए'ला कान उभे राहतात, तोवर नाव पोचतं.

ठरवायच्या आधी एकाला गोठ्यापाशी उभं करा आणि दुसऱ्या टोकावरून वाऱ्याच्या उलट दिशेने दोन्ही नावं उलटसुलट ओरडा. कुठलं मारलं हे माणसाला ओळखता आलं नाही तर कालवडीकडून अपेक्षा नको. आणि घरातल्या कुणाचं, शेजारच्या वहिनींचं वगैरे नाव असलेलं टाळा, सोनेऽऽ म्हणून हाळी दिली आणि बांधावरून माणूसच आलं तर काय सांगणार.

एकदा ठरलं की आंबोण ठेवताना तीच हाक त्याच चालीत मारा, सगळ्यांनी. एक जण कपिले, एक कपू, एक कप्पी असं चाललं तर ती तीन वेगवेगळी नावं आहेत तिच्यासाठी. आणि दावं ओढताना, दटावताना ते नाव घेऊ नका, तिथे नुसतं 'हैक' पुरतं, नाहीतर नाव ऐकून ती उलट्या दिशेला पळायला शिकते.