संपादकाला लिहायचं पत्र

चि. स, अनेक आशीर्वाद.

तुझा शोधनिबंध आणि सोबतचं कव्हर लेटर वाचलं. निबंध बरा आहे, पत्र मात्र त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतंय. "मराठवाड्यातील भूजल प्रदूषणाचा पहिलाच सर्वंकष अभ्यास," असं तू लिहिलंस. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि तुझ्या 46 विहिरी एका तालुक्यातल्या, त्याही एकाच वर्षाच्या. संपादक पत्र संपवून सारांशाकडे वळतो तेव्हा त्याला हे दोन मिनिटांत दिसतं, आणि मग उरलेल्या निबंधावरही त्याचा विश्वास बसत नाही.

'पहिलाच' या शब्दाने मीही एकदा तोंडावर आपटलोय. संपादकाने तिसऱ्याच दिवशी तसाच जुना निबंध जोडून माझं पत्र परत पाठवलं. तेव्हापासून हा शब्द मी लिहीत नाही.

त्याहून गंभीर दुसरं वाक्य आहे: "रासायनिक खतांमुळे नायट्रेट वाढल्याचे सिद्ध झाले." हे तू सिद्ध केलेलं नाहीस. विहिरीतलं नायट्रेट युरियातून येतं तसं उकिरड्यातून, गोठ्यातून आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यातूनही येतं. नुसतं प्रमाण मोजून यातला स्रोत ओळखता येत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनची समस्थानिकं तपासली असती तर थोडं बोलता आलं असतं, तरी शेणखत आणि सांडपाणी वेगळं काढणं अवघडच. पेरणीत टाकलेलं खत आणि पावसाळ्यानंतरची वाढ एकापाठोपाठ आली, एवढंच तुझ्या हातात आहे.

मग तुझं म्हणावं असं काय? तेच तू तिसऱ्या परिच्छेदात दडवलंस! त्याच विहिरींचं पाणी तू पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा तपासलंस. एकदाच नमुना घेतला तर किती विहिरी हातून निसटतात, हे त्यातून कळतं. मी असं लिहीन, इंग्रजी तू कर:

"एका तालुक्यातील 46 विहिरींचे नमुने आम्ही पावसाळ्यापूर्वी व नंतर घेतले. 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा आधी 7, तर नंतर 19 विहिरींनी ओलांडली. केवळ उन्हाळ्यातील नमुन्यांवरून धोका कमी दिसू शकतो. अभ्यास एका वर्षाचा असून नायट्रेटचा स्रोत निश्चित केलेला नाही."

शेवटचं वाक्य काढावंसं वाटेल, काढू नकोस. समीक्षक ते विचारणारच आहे. त्याखाली, हा विषय याच नियतकालिकाच्या वाचकांना का हवा, ते एका वाक्यात सांग. 'आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात' वगैरे नको. निबंध अन्यत्र पाठवलेला नाही आणि सर्व सहलेखकांची संमती आहे, हेही लिही. सगळं एका पानात बसतं.

आणि हो, पत्रात 19 विहिरी आहेत, सारांशात 18. पाठवायच्या आधी कोष्टक उघडून पुन्हा मोज.

तुझा,
सर