मास्क दिसला की आधी वजाबाकी
सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत एका सबनेटमध्ये किती होस्ट बसतात असं विचारलं आणि `255.255.255.224` हा सबनेट मास्क दिसला की लगेच बायनरी मांडत बसू नकोस. २५६ मधून २२४ वजा कर, उरले ३२. एका सबनेटमध्ये एवढे पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून होस्ट ३०. ३२ चा पर्याय समोर मुद्दाम ठेवलेला असतोच!

खरी मेख शब्दांत असते. ‘३० संगणक आणि राउटरचा एक इंटरफेस’ असं लिहिलं असेल तर लागणारे पत्ते ३१, कारण राउटरचा पत्ताही त्याच सबनेटमधला. मग `255.255.255.224` म्हणजेच `/27` पुरत नाही, `/26` घ्यावा लागतो, त्यात ६२ होस्ट बसतात.

ही वजाबाकी शेवटच्या ऑक्टेटपुरतीच. `255.255.252.0` आला तर होस्टचे बिट मोज: दहा, म्हणजे १०२४ वजा २, १०२२.