एडिटरला नुसतं ‘व्हाइट बॅकग्राउंड’ लिहू नकोस

अरे, म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या करवंटीच्या वाडग्याचे फोटो एडिटिंगला देताना नुसतं ‘व्हाइट बॅकग्राउंड’ लिहिलंस तर एडिटर वाडगा कापून पांढऱ्यावर चिकटवतो आणि वाडगा हवेत तरंगतो, माझं पहिल्यांदा तेच झालं. स्पष्ट लिही, बॅकग्राउंड RGB 255,255,255 म्हणजे शुद्ध पांढरं, पण फोटोतली खरी सावली वेगळ्या लेयरवर मल्टिप्लाय ब्लेंड मोडमध्ये ठेवा, नवीन ड्रॉप शॅडो नको. वाडग्याचा तळ गोल, टेकतो थोडाच, म्हणून सावली तिथेच सगळ्यात गडद हवी आणि बाहेर विरत जाऊन फोटोच्या कडेच्या आधीच पूर्ण पांढरी व्हायला हवी. फाइल आली की आयड्रॉपरने चारही कोपरे बघ, 252 आलं तरी वेबसाइटच्या पांढऱ्या पानावर फोटोची चौकट करडी दिसू शकते.