आधी बाशिंग, मग कर्जबाजारी

प्रश्न: शब्दकोडं सोडवताना मी १ आडव्यापासून क्रमाने जातो आणि चौथ्या-पाचव्या शब्दाला अडकतो. सुरुवात नेमकी कुठून करावी?

क्रमाने जाऊच नका. आधी आडवे-उभे सगळे संकेत एकदा वाचून काढा आणि फक्त गाळलेल्या जागा भरा. म्हण अर्धी दिलेली असली की उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. व्याख्येचं तसं नसतं.

समजा, आडवा संकेत आहे 'कर्जात बुडालेला', घरं पाच. तुम्ही क्रमाने गेलात तर बहुधा 'दिवाळखोर' लिहून मोकळे व्हाल. पण 'कर्जबाजारी'चीही अक्षरं पाचच. म्हणून तो संकेत तसाच ठेवा आणि त्याला छेदणारे उभे शब्द बघा. तिसऱ्या घरातून खाली जाणारा संकेत आहे 'उतावळा नवरा, गुडघ्याला ....', घरं तीन. इथे 'बाशिंग'शिवाय काही बसत नाही. तिसरं घर 'बा' झालं आणि दिवाळखोर बाद. खरं तर म्हण आठवली नसती तरी तो बाद व्हायला हवा होता, कारण त्याचं तिसरं अक्षर 'ळ', आणि मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाही. 'ण'चंही तेच. उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात यांपैकी एखादं अक्षर येत असेल, तर आडवं उत्तर चुकलंय हे तिथेच ओळखा.

गाळलेल्या जागा संपल्या की दोन-तीन घरांचे शब्द घ्या. मात्र ते छोटे आहेत म्हणून पक्के समजू नका. याच कोड्यात पाचव्या घरात संपणारा उभा शब्द आहे 'डोंगरांमधला सखल भाग', घरं दोन. दरी की खिंड? मी असे शब्द पेन्सिलने समासात लिहून ठेवतो. 'कर्जबाजारी' बसला की शेवटचं घर 'री' होतं आणि 'दरी' आपोआप ठरते. दुसऱ्या घरात येऊन संपणारा 'नोकरीसाठी करतात तो' (दोन घरं) मात्र लगेच भरावा: अर्ज. आपल्या कोड्यात जोडाक्षराला एकच घर असतं, त्यामुळे आडव्या शब्दाचं दुसरं अक्षर थेट 'र्ज' मिळतं. असं एक जोडाक्षर हाती आलं की लांब शब्दाचे पर्याय दोन-तीनच उरतात. मला तर साध्या 'क' किंवा 'र'पेक्षा ते कितीतरी मोलाचं वाटतं.

म्हणींमध्ये एका जागी फसायला होतं. 'भीक नको पण .... आवर' इथे कोणी 'कुत्रा' म्हणतं, कोणी 'कुत्रं', कोणी 'कुत्रे'. घरं दोनच, पण काना, मात्रा, अनुस्वार सगळं अक्षरासोबत त्याच घरात जातं, त्यामुळे शेवटचं घर बदलतं. अशा वेळी पहिलं अक्षर 'कु' पक्कं लिहा आणि दुसरं घर छेदणारा शब्द सुटेपर्यंत कोरं ठेवा.

लांब शब्द पुरा झाला की परत १ आडव्याकडे वळू नका. त्याच्या उरलेल्या अक्षरांतून जे उभे शब्द जातात, तेच पुढचे.