mtr मध्ये चौथ्या हॉपवर 60% लॉस, तोच खराब का?

इंदूरच्या ऑफिसातून बघतोय, मुंबई रीजन ते सिंगापूर रीजन पॅकेट लॉस आहे, mtr मध्ये चौथ्या हॉपवर 60% दिसतो, तोच खराब ना?

नाही हो दादा, बहुतेक तो नाहीच. पाचव्या हॉपवर 0% असेल तर चौथ्यातून पॅकेट्स नीट पुढे जातायत, तो राउटर फक्त स्वतःची उत्तरं मोजूनमापून देतो, आणि असं बरेच राउटर करतात. लॉस जिथून सुरू होऊन शेवटच्या हॉपपर्यंत टिकतो तिथे बघा, म्हणजे सातव्यावर 8% आणि मग शेवटपर्यंत 8-9% असेल तर संशय सहा-सातच्या मधे.

आणि हे इंदूरच्या लॅपटॉपवरून नको, मधे तुमचं ब्रॉडबँडच येतं, मुंबईच्या सर्व्हरवर लॉगिन करून चालवा, अ‍ॅपचाच पोर्ट घेऊन (पत्ता तुमचा टाका):

```
sudo mtr -rwzb -c 200 -T -P 443 203.0.113.20
```

मग हेच सिंगापूरकडून मुंबईकडे. हे टाळू नका, कारण उत्तर वेगळ्या रस्त्याने परत येऊ शकतं आणि परतीची लिंक खराब असली तरी लॉस सातव्यावरच दिसतो. `-z` मुळे AS नंबर दिसतो, म्हणजे कोणता हॉप कुठल्या नेटवर्कचा ते कळतं, दोन्हीकडून त्याच दोन नेटवर्कच्या सीमेवर लॉस सुरू झाला तर सपोर्टला दोन्ही रिपोर्ट वेळेसकट पाठवा.

`sudo traceroute -T -p 443 203.0.113.20` मध्ये एकाच हॉपवर दोन-तीन आयपी आले तर ट्रॅफिक अनेक लिंकवर वाटला जातोय, त्यातली एकच खराब असेल तर काही कनेक्शन मस्त चालतात नि काही अडकतात.