फिरत्या पातळ कड्यात ताण येतो कुठून?

प्रश्न: मालवणला मामाच्या होडीच्या इंजिनाचं फ्लायव्हील बघून डोक्यात आलं: कडं नुसतं फिरतंय, बाहेर खेचणारं कोणीच नाही, मग ताण कसला? mv²/r लावलं तर उत्तर चुकतं.

उत्तर: अख्ख्या कड्याला mv²/r लावू नका. समोरासमोरच्या तुकड्यांना लागणारी बलं विरुद्ध दिशांना असतात, त्यांची बेरीज शून्य होते. म्हणून Δθ कोनाचा एक छोटा तुकडाच घ्या.

त्याला शेजारचं लोखंड दोन्ही टोकांना स्पर्शिकेच्या दिशेने T बलाने ओढतं. या दोन ओढी एका रेषेत नसतात, प्रत्येक Δθ/2 ने केंद्राकडे कललेली असते (इथेच बरेचजण Δθ घेतात आणि उत्तर निम्मं येतं). आतल्या दिशेची बेरीज 2T sin(Δθ/2), म्हणजे जवळजवळ TΔθ. तुकड्याला वळवायला हेच अभिकेंद्री बल. दर मीटरला वस्तुमान λ धरलं, तर तुकड्याचं वस्तुमान λrΔθ, म्हणून

TΔθ = λrΔθ · v²/r
T = λv²

समजा कडं 2 किलोचं, त्रिज्या 20 सेंमी, फेरे मिनिटाला 1500. वेग साधारण 31.4 मी/से, λ सुमारे 1.59 किग्रॅ/मी, ताण जवळपास 1570 न्यूटन. दीडशेहून जास्त किलो टांगल्यासारखंच की!

गंमत म्हणजे कडं जाड केलं तरी ते जास्त वेग सोसत नाही. λ आणि काटछेद सारखेच वाढतात, म्हणून प्रतिबल, म्हणजे काटछेदाच्या दर चौरस मीटरला येणारा ताण, तेवढंच राहतं: ρv², इथे ρ म्हणजे धातूची घनता. खऱ्या फ्लायव्हीलला मधली तबकडी किंवा आरे असतात, तेही थोडा भार घेतात. हे सूत्र सुट्या, पातळ कड्याचं.