‘ढळता सूर्य’, ‘मधुचंद्र’ आणि ‘शेजारी तू’

“काका, मागच्या महिन्यात लग्न झालं. गोव्याला समुद्रावर सूर्यास्ताचा फोटो काढलाय, आम्ही दोघं पाठमोरे. खाली ओळ लिहिली आहे : ‘आपल्या मधुचंद्राची रम्य सांज, ढळत्या सूर्याच्या साक्षीने’. आत्या म्हणते, ‘ढळता’ हिंदी वाटतं. ह्यांना ओळ मिश्कील हवी आहे आणि मला फार काही उघड करायचं नाही. काय बदलू?”

आत्याबाईंचं अर्धं बरोबर आहे. ‘ढळणे’ अस्सल मराठी आहे. दुपार ढळते, दिवस ढळतो, आणि ध्रुवाला आपण ‘अढळ’ म्हणतो ते याच क्रियापदाच्या जोरावर. पण इंदुरात राहून आपल्या कानावर ‘ढलता सूरज’ इतक्यांदा पडतो, की लिहायला बसलं की तोच ‘ल’चा ‘ळ’ करून कागदावर उतरतो. मराठीत सूर्य मावळतो, कलतो, बुडतो. ‘ढळणे’ माणसांच्या जवळपास आलं की बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं : तोल ढळतो, संयम ढळतो, निष्ठा ढळते. महिन्याभरापूर्वी लग्न झालेल्या दोघांच्या फोटोखाली हा शब्द नको, एवढ्यापुरतं आत्याबाईंचं ऐका.

मग ‘बुडता सूर्य’? ‘दिवस बुडाला’ हा चांगला, मातीतला प्रयोग आहे. पण पैसेही बुडतात, शाळाही बुडते आणि कर्जही बुडीत निघतं. त्यात मंगलकार्यानंतरचे दिवस आपल्याकडे शब्द सांभाळूनच बोलायचे असतात. बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतात. आपल्या सराफ्यातला दुकानदारसुद्धा रात्री दुकान बंद करत नाही, ‘बढ़ाता’ है. मराठी आजी आणि हिंदी सराफ इथे एकाच मनाचे. तेव्हा ‘मावळता’ हाच शब्द बरा. त्यात बुडण्याची धास्ती नाही, संस्कृत ‘अस्त’चं ओझं नाही, आणि ‘मावळतीला’ म्हटलं की पश्चिम दिशाही आपोआप येते.

आता ‘साक्षीने’. हा तुमच्या ओळीतला सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे, आणि गंमत म्हणजे विनोदाची जागाही त्यातच आहे. लग्नात साक्षीला अग्नी असतो, तो तिथेच बसून राहतो, सप्तपदी होईपर्यंत हलत नाही. सूर्यालाही संस्कृतात ‘कर्मसाक्षी’ म्हणतात, सगळ्यांची कर्मं पाहणारा. पण तुमच्या फोटोतला हा साक्षीदार चालला आहे की निघून! साक्ष द्यायला बोलावला आणि ऐन वेळी पाण्याखाली गेला. ही विसंगती तुमच्या ओळीत आहे, फक्त तुम्ही ती गंभीर चेहऱ्याने लिहिली आहे. तीच उघड केली की ओळ होते : ‘सूर्यालाही कळतं, कधी निघायचं.’ ह्यांना आवडेल, माझी खात्री आहे. पण मोठ्या कुटुंबात ही ओळ टाकताना जरा विचार करा. सूर्य का निघाला, याचं उत्तर वाचणारा आपल्या मनाने देतो, आणि प्रत्येक काकूचं मन सारखं नसतं. जिवलग मैत्रिणींपुरती ठेवलीत तर उत्तम.

पहिला शब्द मात्र आजच बदला. ‘आपल्या’! मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. हिंदीचं ‘हम’ हा भेद करत नाही, आणि आपलं माळव्याचं ‘अपन’ तर सगळ्यांना एकाच टांग्यात बसवतं, ‘चलो अपन सराफे चलते हैं’. त्या सवयीने तुम्ही ‘आपल्या मधुचंद्राची’ लिहिलंत. ते तुम्ही ह्यांना उद्देशून लिहिलं असेल, पण वाचणार सासर-माहेरचे सगळे. त्या सगळ्यांना तुम्ही व्याकरणाने गोव्याला नेलंत. ‘आमच्या’ केलं की व्याकरण सुटतं, पण मग ओळ निमंत्रणपत्रिकेसारखी वाजते, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या चालीवर. म्हणून मी तर म्हणेन, हा शब्दच काढा. फोटोत दोघं पाठमोरे आहेत, ते कोणाचे कोण हे सांगायची गरज नाही.

राहिला ‘मधुचंद्र’. हा इंग्रजी ‘हनीमून’चा शब्दाला शब्द ठेवून केलेला तर्जुमा. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे, आणि सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात त्याचा अर्थ लग्नानंतरचा पहिला महिना असा दिला आहे. प्रवास, हॉटेल, समुद्र हे सगळं नंतर चिकटलं. चंद्र आणि महिना यांचं नातं आपल्यालाही नवं नाही, संस्कृतात ‘मास’ म्हणजे महिना आणि चंद्रही. फारसीतल्या ‘माह’चंही तेच, तिथे मधुचंद्राला ‘माह-ए-असल’ म्हणतात. मराठीत मात्र ‘मधुमास’ म्हणून चाललं नसतं, कारण ‘मधु’ हे चैत्राचं जुनं नाव आहे आणि मधुमास म्हणजे सरळ चैत्र महिना. म्हणून चंद्र जसाच्या तसा आकाशात राहिला. बरंच झालं, कारण तुमची ओळ तिथेच दडली आहे.

प्रसंगाच्या नावात चंद्र आहे, आणि तुम्ही फोटो काढलात सूर्याचा. मग तो शब्द न उच्चारता नुसतं म्हणा : ‘नावात चंद्र, फोटोत सूर्य.’ ज्याला कळायचं त्याला कळेल, दहा वर्षांच्या भाच्याला कळणार नाही, आणि गाव, हॉटेल, मुक्काम किती दिवसांचा, यातलं काहीच बाहेर येत नाही. मिश्कीलपणा झाला. प्रेम अजून नाही. त्यासाठी तिसरा तुकडा हवा, दोन शब्दांचा, आणि त्यातला एक ‘तू’.

दुसऱ्या शब्दासाठी मी कालची संध्याकाळ घालवली. ‘सोबत तू’ चुकीचं नाही, पण ‘साथ तुम’चा वास येतो. ‘जवळ तू’ म्हणजे तुम्हाला जे सांगायचं नाही तेच. ‘बाजूला तू’ तर अजिबात नको. मराठीत बाजूला होतात ते वाट देण्यासाठी, आणि वस्तू बाजूला ठेवतात ती नको असली की. ‘शेजारी तू’ मला पटतं. पंगतीत शेजारी बसतात, पाटावर शेजारी बसतात. अंतर थोडं, पण शब्दात लगट नाही. घराशेजारचे ते ‘शेजारी’ही त्यात किंचित डोकावतात, तर डोकावू देत.

ओळ अशी : ‘नावात चंद्र, फोटोत सूर्य, शेजारी तू.’

तुम्ही पत्रात ‘ह्यांना’ लिहिलंय, म्हणजे घरात ‘अहो’ चालतं. तरी इथे ‘तू’च ठेवा. ‘शेजारी तुम्ही’ म्हटलंत की बँकेच्या रांगेतला फोटो वाटेल. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, लेखी मराठीत देवालाही ‘तू’च म्हणतात.